चढणाऱ्या खाचा

मार्च १९३५ मध्ये फ्रान्सने सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. त्याच महिन्यात पलीकडे हिटलरने जर्मनीत सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू केली, त्यामुळे फ्रान्सने असं का केलं हे वेगळं सांगायची गरज नाही असं वाटतं. पण फ्रेंच सेनाधिकाऱ्यांची एक चिंता हिटलरहून जुनी होती. पुढची चार-पाच वर्षं विशीत पाऊल टाकणाऱ्या तरुणांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येणार होती, आणि ही गोष्ट त्यांना गेली पंधरा-वीस वर्षं ठाऊक होती. पहिल्या महायुद्धात जी मुलं जन्मालाच आली नाहीत, ती १९३५ नंतर बराकीत हजर कशी होणार? फ्रेंचांनी या वर्षांच्या भरतीला ‘पोकळ तुकड्या’ असं नाव दिलं होतं. माणसं अर्धी, तर प्रत्येकाला दुप्पट काळ ठेवा, असा तो साधा हिशेब होता.

हा हिशेब ज्या चित्रात एका नजरेत दिसतो, ते चित्र आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या भूगोलात पाहिलेलं असतं. मधोमध एक उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तळाला शून्य ते चार वर्षांची मुलं, त्यांच्यावर पाच ते नऊ वर्षांची, असं करत करत शेंड्याला ऐंशीच्या पुढचे म्हातारे. पट्टी जितकी लांब, तितकी त्या वयाची माणसं जास्त. हा लोकसंख्येचा मनोरा. परीक्षेपुरते आपण त्याचे तीन आकार पाठ करतो: रुंद तळाचा म्हणजे विस्तारणारा, अरुंद तळाचा म्हणजे संकोचणारा आणि मधला तो स्थिरावलेला. मला मात्र या तीन आकारांपेक्षा मनोऱ्याच्या कडेला पडलेल्या खाचांमध्ये जास्त रस आहे. आकार फार तर कल सांगतो. काय घडलं आणि कधी घडलं, हे खाचा सांगतात.

चित्राच्या आधी आकडे आले, आणि ते आले स्वीडनमधून. १७४९ पासून तिथल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्याला आपल्या हद्दीतली माणसं वय आणि लिंगानुसार ठरावीक तक्त्यांमध्ये भरून पाठवावी लागत. देशभरातून सलग गोळा होत आलेली लोकसंख्येची इतकी जुनी आकडेवारी दुसरीकडे नाही. पहिली बेरीज हाती आली तेव्हा दरबारात आनंद झाला नाही. समजूत होती त्यापेक्षा देशात माणसं बरीच कमी निघाली, आणि शत्रूला हे कळू नये म्हणून आकडे काही वर्षं राजगुपित म्हणून दडवून ठेवले गेले. पाद्र्यांचे ते तक्ते पुढे सव्वाशे वर्षं साठत राहिले. त्यांचं चित्र काढावं असं मात्र कुणाला सुचलं नाही.

छापलेला पहिला मनोरा बहुधा अमेरिकेचा. फ्रान्सिस वॉकर हा १८७०च्या अमेरिकन जनगणनेचा प्रमुख. वय तीस, यादवी युद्धात लढलेला आणि १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत जखमी झालेला. जनगणनेचे जाडजूड खंड कुणी वाचत नाही हे ओळखून त्याने १८७४ मध्ये देशाचा सांख्यिकी नकाशासंग्रह काढला. त्यात राज्याराज्याच्या वयांच्या आकृत्या होत्या, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला. त्या काळच्या अमेरिकेत अशा आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप उलगडत जायची. मॅसॅच्युसेट्ससारख्या जुन्या पूर्वेकडच्या राज्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त, तर सोन्याच्या ओढीने माणसं जिथे गेली त्या कॅलिफोर्नियात पुरुष साडेतीन लाखांच्या जवळपास आणि स्त्रिया दोन लाखांच्या थोड्या वर. एकाच देशातल्या दोन राज्यांपैकी एकाची उजवी बाजू भारी, दुसऱ्याची डावी.

याच वॉकरने पुढे १८९६ मध्ये बाहेरून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांना रोखावं असा जोरदार लेख लिहिला. हे लोक येतात म्हणून इथल्या जुन्या रहिवाशांना मुलं कमी होतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने काढलेल्या आकृत्यांमधून असं काही सिद्ध होत नव्हतं. पण चित्राच्या पहिल्या कर्त्यापासूनच त्याच्याशी एक भीती जोडली गेली, हे ध्यानात ठेवायला हवं. ही भीती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वॉकरच्या आकृतीत एकच उणीव होती. अशी आकृती एका दिवसाची असते. गणनेच्या रात्री कोण कोण किती वर्षांचा होता, एवढंच ती सांगते. इटलीतला लुइजी पेरोझ्झो यावर १८८०च्या सुमारास एक पाऊल पुढे गेला. स्वीडनच्या त्या पाद्र्यांचे १७५० पासूनचे आकडे घेऊन त्याने त्रिमिती आकृती काढली. एका अंगाला वय, दुसऱ्या अंगाला साल, उंचीला माणसं. डोंगरउतारासारख्या दिसणाऱ्या या चित्रात एकाच साली जन्मलेल्यांची तुकडी तिरक्या रेघेने सरकत जाताना दिसते. मनोरा वाचायची खरी किल्ली ही तिरकी रेघ आहे. मनोरा स्थिर दिसतो, पण आतली माणसं सरकत्या जिन्यावर उभी आहेत आणि दरवर्षी सगळी एक पायरी वर जातात. तळाशी पडलेली खाच तिथेच राहत नाही, तीही वर चढते.

आता फ्रान्सचा मनोरा वाचू. १९१४ ते १९१८च्या युद्धाने त्यावर एक नव्हे, दोन खाचा पाडल्या, आणि त्या वेगवेगळ्या जागी आहेत.

पहिली खाच मृत्यूंची. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक मारले गेले. ते पुरुष होते आणि बहुतेक अठरा ते चाळीस वयाचे होते. त्यामुळे १९२०च्या मनोऱ्यात फक्त डाव्या बाजूला, विशी ते चाळिशीच्या पट्ट्या आत ओढलेल्या दिसतात. उजवीकडे तितक्याच वयाच्या स्त्रिया जागच्या जागी आहेत. दोन्ही बाजूंमधला फरक म्हणजे त्या पिढीतल्या विधवा आणि लग्नच न झालेल्या बायका.

दुसरी खाच न झालेल्या जन्मांची, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखीच खोल. मुलगा होणार की मुलगी हे काही नवरा आघाडीवर गेल्याने बदलत नाही. या खाचेच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. सैन्याची जमवाजमव झाली ऑगस्ट १९१४ मध्ये, त्यामुळे जन्म घसरले ते १९१५च्या मे महिन्याच्या सुमारास, नऊ महिन्यांनी. १९१६ हे सर्वांत वाईट साल. त्या वर्षी युद्धाआधीच्या निम्मीही मुलं जन्मली नाहीत. पुढे सैनिकांना अधूनमधून घरी जायला रजा मिळू लागली आणि आकडा किंचित सावरला. युद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ मध्ये, पण माणसं घरी परतायला १९१९ उजाडलं, म्हणून १९१९ही खाचेतच राहिलं. १९२० मध्ये मात्र जन्म एकदम आठ लाखांच्या पुढे गेले. म्हणजे युद्ध १९१४ ते १९१८, आणि खाच १९१५ ते १९१९. कुठल्याही देशाच्या मनोऱ्यावर युद्धाची खाच शोधताना हे नऊ महिने ज्याने हिशेबात धरले नाहीत, तो एका पायरीने चुकणार.

ही जन्मांची खाच पुढे जिथे जिथे पोचली तिथे तिथे तिने काही तरी रिकामं केलं. १९२२ मध्ये ती सहा वर्षांची होऊन शाळेच्या पहिल्या वर्गात पोचली आणि बाकं ओस पडली. १९३५ मध्ये ती विशीला आली आणि सैन्यभरतीचा प्रश्न उभा राहिला. आणि त्याच सुमारास तिच्यातल्या मुली लग्नाच्या वयाला आल्या. संभाव्य आयाच अर्ध्या, तर बाळं कुठून येणार? १९३८ मध्ये फ्रान्समध्ये सहा लाखांच्या थोडे वर जन्म झाले. एका युद्धाची खाच वीस-पंचवीस वर्षांनी तळाशी दुसरी, जरा उथळ खाच पाडते, आणि त्या उथळ खाचेत दुसऱ्या महायुद्धाची नवी खाच मिसळली.

या पडसादावरून ‘पुढलं सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं मात्र म्हणता येत नाही, आणि ते फ्रान्सनेच दाखवून दिलं. १९४६ मध्ये बाळंतपणाच्या ऐन वयातल्या बायका कोण होत्या? १९१५ ते १९१९ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे सत्तावीस ते एकतीस वर्षांच्या, त्याच पोकळ तुकड्यांतल्या. मनोऱ्याकडे पाहून कुणीही सांगितलं असतं की जन्म कमीच राहणार. प्रत्यक्षात त्या वर्षी आठ लाख चाळीस हजारांच्या आसपास मुलं जन्मली. आया कमी होत्या, पण प्रत्येकीला मुलं जास्त झाली. लांबणीवर पडलेली लग्नं एकदम उरकली, कुटुंबभत्ते आले, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा ओघ टिकला. मनोरा आयांची संख्या सांगतो. त्या आया काय ठरवतील हे तो सांगत नाही. सगळे लोकसंख्येचे अंदाज चुकतात ते बहुतेक करून इथेच.

१९४६ नंतरचा तो रुंद पट्टा अजून फ्रान्सच्या मनोऱ्यात वर चढतो आहे. २००६ मध्ये त्याची पहिली तुकडी साठीला पोचली. २०१० मध्ये निवृत्तीचं किमान वय साठावरून बासष्ट करण्याचा कायदा झाला, २०२३ मध्ये चौसष्ट करण्याचा, आणि दोन्ही वेळा लाखो लोक रस्त्यावर उतरले. १९१६ची खाच आज शेंड्यातून जवळजवळ निघून गेली आहे.

आता त्या भीतीकडे. १९०० साली स्वीडनच्या गुस्ताव सुंडबार्गने एक गंमत दाखवली. कुठलाही देश घ्या, पंधरा ते पन्नास वयाची माणसं साधारण निम्मी असतात. फरक पडतो तो उरलेल्या निम्म्यांमध्ये. वाढत्या देशात मुलं चाळीस टक्के आणि पन्नाशीपुढचे दहा टक्के, तर घटत्या देशात मुलं वीस आणि म्हातारे तीस. शाळेतले ते आकार अशाच वर्गवारीतून उतरलेले. सुंडबार्गचा हेतू साधा वर्गवारीचा होता. पण ‘पुढे जाणारा’ आणि ‘मागे जाणारा’ अशी बिरुदं आकृतीला चिकटली की तो आकार चांगला की वाईट हेही ठरून जातं.

जर्मनीत फ्रीडरिश बुर्गडोर्फरने १९३२ मध्ये ‘तरुणाई नसलेलं राष्ट्र’ अशा अर्थाचं पुस्तक लिहिलं आणि या वर्गवारीला चेहरा दिला. १९१०चा जर्मनी म्हणजे भरदार पिरॅमिड, मग घंटा, आणि पुढे येणार तो कलश. युरोपात कलश म्हटलं की अस्थिकलश डोळ्यांसमोर येतो, हे त्याला चांगलंच माहीत होतं. पुस्तकाचा सूर असा की जर्मन राष्ट्र मरू घातलं आहे. हिशेबात तो कच्चा नव्हता. जन्म खरंच घटत होते. पण तळ अरुंद होणं म्हणजे मरणं, ही उडी आकड्यांनी मारलेली नव्हती, ती त्याने मारली. १९३३ नंतर त्याने नात्झी राजवटीसाठी काम केलं, युरोपातल्या ज्यूंच्या संख्येचे अंदाजही काढून दिले. रुंद तळाचा आकार ‘निरोगी’ वाटणं हे आजही आपल्या डोळ्यांत बसलेलं आहे. १९१०च्या जर्मनीत दर सहा-सात बाळांमागे एक पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होतं. पिरॅमिडचा तो डौलदार निमुळता उतार काही अंशी मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूंनीही कोरलेला होता.

म्हातारपण मनोऱ्यात येतं कुठून, हाही एक प्रश्न आहे. सहज उत्तर असं की माणसं जास्त जगू लागली म्हणून. अमेरिकेतले ॲन्सली कोल यांनी १९५६ मध्ये गणित मांडून दाखवलं की हे उत्तर बहुतांशी उलटं आहे. मृत्यू पहिल्यांदा घटतात ते तान्ह्या बाळांचे. देवी, अतिसार, घटसर्प यांतून वाचलेलं मूल मनोऱ्याच्या तळाला भर घालतं, शेंड्याला नाही. म्हणून मृत्युदर घटला की देश आधी तरुण होतो. म्हातारा होतो तो जन्म घटल्यावर, कारण तळ आखडला की वरचे आपोआप मोठा वाटा व्यापतात. जिथे बालमृत्यू आता जवळजवळ उरलेलेच नाहीत तिथे, उदाहरणार्थ जपानमध्ये, आयुष्य लांबलं की भर शेंड्यालाच पडते. पण तिथेही वार्धक्याची सुरुवात तळापासूनच झाली. महाराष्ट्राचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत इथला एकूण प्रजननदर १.७ निघाला. पिढी जेवढ्यास तेवढी राहण्यासाठी तो २.१च्या आसपास लागतो. आपला तळ आखडू लागला आहे.

प्रत्येक खोल खाच युद्धाचीच असते असंही नाही. जपानच्या मनोऱ्यात १९६६ची एकच पट्टी अशी आत गेलेली आहे की छापताना चूक झाली असं वाटावं. १९६५ मध्ये अठरा लाख वीस हजारांवर जन्म, १९६७ मध्ये एकोणीस लाख तीस हजारांवर, आणि मधल्या साली तेरा लाख साठ हजार. आपल्याकडे प्रभव-विभव अशी साठ संवत्सरं असतात, तसंच तिकडेही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातल्या ‘अग्नी-अश्व’ वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. म्हणून लाखो जोडप्यांनी ते वर्ष टाळलं. त्याआधीच्या फेरीत, १९०६ मध्ये, मुलं पुढे ढकलण्याची साधनं फारशी नव्हती. तेव्हा काही घरांनी मुलींची जन्मनोंदच एक वर्ष अलीकडे-पलीकडे केली. त्यामुळे ती खाच मुलींच्या बाजूला जास्त दिसते, आणि तिच्यातला काही भाग निव्वळ कागदावरचा आहे.

१९६६ची खाच दिसते ती मनोरा एकेका वर्षाच्या पट्ट्यांचा असेल तरच. पाच-पाच वर्षांच्या पट्ट्या केल्या की शेजारची चार वर्षं तिला भरून काढतात आणि ती नाहीशी होते. मग सगळेच मनोरे एकेका वर्षाचे का काढत नाहीत? कारण त्यासाठी वय अचूक सांगितलेलं असावं लागतं, आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते.

भारताच्या जुन्या जनगणनांचे आकडे एकेका वर्षाने मांडले तर मनोरा दिसतच नाही. तीस, चाळीस, पन्नास, साठ या वयांना लांबच लांब सुळे, पंचवीस-पस्तीसला जरा आखूड, आणि एकतीस-एकोणचाळीसला जवळजवळ शुकशुकाट. ज्याला जन्मसाल माहीत नाही तो ‘असेल चाळीसेक’ म्हणतो, प्रगणक चाळीस लिहितो. याचं मोजमाप करायची एक सोपी रीत आहे, जॉर्ज व्हिपल यांच्या नावाची. तेवीस ते बासष्ट या चाळीस वयांतली माणसं घ्यायची. त्यांत शून्य किंवा पाचने संपणारी वयं आठ, म्हणजे एक पंचमांश. हजार माणसांत अशा वयाची दोनशे असायला हवीत. दोनशेच निघाली तर निर्देशांक शंभर, तीनशे निघाली तर दीडशे, आणि सगळीच्या सगळी हजार निघाली तर पाचशे. एकशे पाचच्या आत असेल तर वयं भरवशाची, पावणेदोनशेच्या वर गेला तर एकेका वर्षाचा मनोरा काढण्यात अर्थ नाही.

याची किंमत काय पडते ते १९१८च्या इन्फ्लुएंझावरून कळतं. १९११ मध्ये आजच्या भारताच्या हद्दीत पंचवीस कोटी एकवीस लाखांच्या आसपास माणसं होती, आणि १९२१ मध्ये ती वाढण्याऐवजी काही लाखांनी कमी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असं घटलेलं ते एकच दशक. इतक्या मोठ्या साथीची आणि तिच्या मागोमाग घटलेल्या जन्मांची खाच फ्रान्ससारखी सालासकट दाखवता यायला हवी होती. पण दहा दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या मोजणीत आणि गोल आकड्यांच्या त्या गर्दीत ती बुडून जाते.

आपल्याकडची सर्वांत स्पष्ट खाच वेगळ्याच जातीची आहे, आणि ती कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात २००१च्या गणनेत दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्येही ११२०च्या वर. राज्यात एकूण बायका पुरुषांपेक्षा कमी असताना इथे उलट. तिथे मुली जास्त जन्मतात असं काही नाही. विशीपासून पन्नाशीपर्यंतचे पुरुष मुंबईत आहेत. गिरण्या आणि गोदी उभी राहिली तेव्हापासून कोकणातला चाकरमानी तिकडे गेला, आणि गिरण्या बंद झाल्या तरी वाट बंद झाली नाही. मनोऱ्यात डाव्या बाजूला, कमावत्या वयाला खाच. साठीनंतर काही परततात, त्यामुळे वर ती थोडी भरून येते. मुंबईच्या जुन्या मनोऱ्यात नेमकं याच वयाला, याच बाजूला फुगवटा. मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियाच्या आकृत्यांसारख्याच या दोनही शेजारी ठेवून पाहाव्यात.

आता एखादा मनोरा समोर आला आणि डावीकडे तिशीत खाच दिसली, तर ती युद्धाची की स्थलांतराची हे कसं ओळखायचं? एका चित्रावरून नेहमी सांगता येत नाही. दहा वर्षांनंतरचं दुसरं चित्र लागतं. १९२०च्या फ्रान्समध्ये तिशीतली खाच १९३० मध्ये चाळिशीत पोचली आणि १९४० मध्ये पन्नाशीत. गेलेली माणसं परत येत नाहीत, म्हणून ती तुकडी आपली जखम घेऊन वर चढते. रत्नागिरीची खाच मात्र दर गणनेला त्याच वयाला सापडते. कारण माणसं बदलतात, वय बदलत नाही. आज विशीत असलेला मुलगा गेला, दहा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ जाईल. आणि चाळीसला दिसणारा सुळा दर गणनेला चाळीसलाच असेल, तोही दोन्ही बाजूंना, तर तिथे ना युद्ध आहे ना स्थलांतर, तिथे ‘चाळीसेक’ आहे. इतकं तपासल्याशिवाय कुणी एकच मनोरा दाखवून देश बुडतोय किंवा देश तरुण आहे असं सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे सध्या जो भारताचा मनोरा दाखवला जातो तो २०११च्या मोजणीवर आधारलेला आहे. २०२१ची गणना झालीच नाही. त्यानंतर जे काही छापलं जातं ते सर्वेक्षणांवरून आणि अंदाजांवरून बांधलेलं असतं. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. प्रगणक दाराशी येईल तेव्हा घरातल्या थोरल्यांची वयं अंदाजाने सांगू नका. आजीचं आधारकार्ड, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जे असेल ते आधी काढून ठेवा, आणि जन्मतारीख पाहून सांगा.